वाफ काय, शिळ्यालाही येते

रात्रीच्या प्रवासात मिळणाऱ्या चहाची चव पाहू नये, तो नुसता गरम आहे की नाही एवढेच पाहावे, असे माझे बरीच वर्षे मत होते. मध्यरात्री फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला चव कळते कुठे? डोळ्यांवर झोप, खांद्यावर पिशवी, पायांत गोळे. अशा वेळी कपातून वाफ निघाली की आपण कृतार्थ होतो. हे मत एका रात्री मला सोडून द्यावे लागले, आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट सोडावी लागली. तीच हकीकत आज सांगणार आहे.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पोटापाण्यासाठी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि बिऱ्हाड ठाण्याला. महिन्यातून दोनदा घरी जायचे, म्हणजे वसाहतीतून रिक्षाने महाड, आणि तिथून महामार्गाने मुंबईच्या बाजूला वीर स्टेशन गाठायचे. महाडची माणसे 'आमच्या गावाला रेल्वे आली' म्हणतात ती या वीरच्या भरवशावर. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा 1993 साली सुरू झाला, आणि 26 जानेवारी 1998 रोजी सगळा मार्ग सुरू झाला. पण गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, अशी ही सोयरीक आहे. रात्री तिथे उतरलेल्या माणसाला भातशेती, डोंगराच्या काळ्या कडा आणि बेडकांचा आवाज एवढेच भेटते.

गोष्ट 2014 सालची. दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी सलग दोन पाळ्या, म्हणजे सोळा तास, उभा राहून काढले होते आणि घरच्यांसाठी घेतलेल्या कपड्यांची पिशवी सावरत रात्री एकच्या सुमारास फलाटावर येऊन बसलो होतो. सावंतवाडीकडून दादरला जाणारी गाडी पावणेदोनला यायची होती. फलाटावर पंधरावीस माणसे असतील. एक कुटुंब मुलांना चादरीत गुंडाळून बसले होते, दोन जवान रजेवरून परत निघाले होते, आणि बाकीचे माझ्यासारखेच कारखान्यातले चाकरमाने.

आणि चहावाले मामा. साठीच्या घरातला, काटक, पोलादपूरच्या बाजूच्या डोंगरातला माणूस. छातीवर बिल्ला, खांद्यावर पंचा. सगळे त्यांना मामाच म्हणत, मीही म्हणत असे. स्टॉल दुसऱ्याच्या नावावर. मामांनी आपले दूध, आपली साखर, आपली पावडर आणायची आणि कपामागे एक रुपया मालकाला द्यायचा, असा त्यांचा ठराव होता. कप पाच रुपयांना.

एरवी मी त्या माणसाकडे कधी नीट पाहिलेही नव्हते. आपण चहाकडे पाहतो, चहावाल्याकडे नाही. पण त्या रात्री दुसरे काही पाहण्यासारखे नव्हते आणि डोळे मिटावेत तर गाडी चुकायची भीती. म्हणून मी त्यांचे काम पाहत बसलो. प्रयोगशाळेतल्या माणसाला दुसऱ्याचे काम पाहताना त्यातल्या चुका काढायची खोड असते. मीही त्याच तयारीने पाहत होतो.

मामांनी पातेल्यात पावणेदोन लिटर पाणी घेतले. आले खलबत्त्यात ठेचून त्यात टाकले, साखर टाकली आणि उकळी आल्यावर गॅस बारीक केला. आणि मग ते स्वस्थ बसले. ना पावडर, ना दूध. मला वाटले, मामा विसरले की काय! न राहवून मी विचारले.

"मामा, पावडर घाला की. गाडीची वेळ झाली."

"गाडी कुटं हाय त्ये कळल्याबिगर न्हाय," ते म्हणाले. "पानी तासभर उकळलं तरी पानीच. पावडर पडली, की घड्याळ सुरू झालं."

हे वाक्य मला एकदम पटले, कारण आमच्या धंद्यातही तसेच असते. कच्चा माल पोत्यात असेपर्यंत आपण मोकळे. तो भांड्यात पडला की वेळ आपल्या मागे लागते. चहाची बारीक पावडर उकळत्या पाण्यात पडली की तिचा रंग, वास आणि कडक चव दोनतीन मिनिटांत उतरते. त्यापुढे ती उकळत ठेवली तर चांगले काही उतरत नाही, नुसता तुरटपणा उतरत राहतो. तो जिभेच्या कडा आवळून धरतो. म्हणून पावडर शेवटी, आणि दूध तिच्याही नंतर.

आल्याबद्दल मात्र मी माझे शहाणपण पाजळलेच. म्हटले, "दुधात आले टाकून एकत्रच उकळले तर वास जास्त नाही का येणार?"

मामा हसले. "एकदा केलंतं. दोन लिटर दूध फाटलं. तवापास्नं आलं पान्यात."

मी गप्प बसलो. याचे कारण मला नंतर पुस्तकात सापडले. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिने तोडणारा एक पदार्थ असतो. दूध कोमट असताना तो आपले काम करतो आणि दूध नासते. पाण्यात आले खळखळून उकळले की तो पदार्थ निकामी होतो, आणि मग दूध खुशाल ओतावे. मामांना हे कारण माहीत नव्हते, पण दोन लिटर दूध गमावून त्यांनी नियम विकत घेतला होता. मला कारण वाचायला मिळाले, पण नियम ठाऊक नव्हता. दोघांत चहा कोणी करावा हे सांगायला नकोच.

शिकलेल्या माणसाने चहावाल्याला शिकवायला जाणे ही गोष्ट तशी जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या लोकांना चहाची सवय लागावी म्हणून चहामळेवाल्या गोऱ्यांच्या संघाने रेल्वेची मोठाली जंक्शने हेरली. बंगाल, पंजाबकडच्या स्टेशनांवर लहान कंत्राटदारांना किटल्या, कप आणि चहाची पुडकी देऊन उभे केले. चहा कसा करावा हे शिकवायला साहेब लोक होतेच. पण विक्रेत्यांनी ऐकून घेतले आणि केले आपल्या मनाचे. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर. साहेबांना ते पटले नाही, पण चहा खपला तो तसाच. आज आपण ज्याला चहा म्हणतो तो फलाटावरच्या त्या न ऐकणाऱ्या माणसांनी केलेला आहे.

तर गाडी येत असल्याची घोषणा झाली आणि मामा उठले. मूठभर पावडर पाण्यात गेली. रंग चढल्याबरोबर दीड लिटर दूध गेले. दोनदा उकळी वर आली, दोनदा त्यांनी पातेले सांडशीने उचलून खाली बसवली, आणि मग फडक्यातून गाळून सगळा चहा नळाच्या डब्यात भरला. तीन लिटरांचा तो माल, म्हणजे पस्तीस कप. फलाटावरच्या आठनऊ जणांनी लगेच घेतला. मी म्हटले, गाडीत बसल्यावर खिडकीतून घेऊ. हातात पिशवी होती.

गाडी आली नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कोकण रेल्वेने प्रवास केला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या वेळी रोह्यापासून पुढे सगळा एकेरी मार्ग होता. समोरासमोरच्या दोन गाड्यांनी कुठल्या तरी स्टेशनात एकमेकींना वाट द्यायची, एकीने थांबायचे आणि दुसरीने निघून जायचे. एक गाडी कुठे अडली की तिच्यासाठी दुसरी थांबते आणि दुसरीसाठी तिसरी. आमची गाडी दक्षिणेला कुठेशी खोळंबली होती. घोषणा होऊन गेली, आणि मग घोषणाही बंद झाल्या. सव्वादोन वाजले. अडीच वाजले. मुले झोपली, जवानांनी बूट काढले. हवेत ओला गारवा उतरला आणि माझे डोके ठणकू लागले.

पण डोके केवळ जागरणाने ठणकत नव्हते, हेही सांगून टाकतो.

त्या दिवशी आमच्याकडे पाचशे किलोंचा एक माल तयार झाला होता. पांढरी भुकटी, पुढे दुसऱ्या कारखान्यात तिचे औषध व्हायचे. अशी भुकटी थाळ्यांमध्ये पसरून गरम हवेच्या कपाटात सुकवतात आणि तिच्यात पाणी किती राहिले ते आम्ही तपासतो. मर्यादा अर्ध्या टक्क्याची. संध्याकाळी मी नमुना तपासला तो 0.61 निघाला. याचा अर्थ माल आणखी सुकवायला हवा. पण ट्रक सकाळी सहाला निघायचा होता, कारण पुढे दिवाळीची सुट्टी. वरिष्ठांनी मला रागावले नाही की धमकावले नाही. ते नुसते म्हणाले, "पुन्हा एकदा नमुना घेऊन बघा ना." मी पुन्हा नमुना घेतला. तो सगळ्यांत वरच्या थाळीतून घेतला. वरची थाळी आधी सुकते हे मला माहीत होते. तो 0.48 आला. मी तो आकडा लिहिला, सही केली आणि पिशवी उचलली.

यात खोटे काही नव्हते. नमुना खरा, आकडा खरा, सही खरी. तरीही वीरच्या बाकावर बसल्यापासून ते कागद डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

पावणेतीनला मी उठून स्टॉलपाशी गेलो. म्हटले, "मामा, द्या एक कप. गाडीची वाट पाहून उपयोग नाही."

"थांबा सायेब."

"का? आहे की चहा."

"ह्यो न्हाय द्येनार. तास झाला त्येला."

मला राग आला. सोळा तास उभा राहिलेल्या माणसाला तत्त्वज्ञान नको असते, चहा हवा असतो. मी डब्याच्या झाकणाकडे बोट दाखवले. ते किंचित उघडे होते आणि त्यातून वाफ निघत होती. म्हटले, "अहो, गरम आहे. वाफ येतेय चांगली!"

मामांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी एखाद्या नव्या पोराकडे प्रयोगशाळेत पाहतो.

"वाफ काय सायेब, शिळ्यालाबी येते."

मग त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढे तिरपा केला. त्यात काय पाहायचे ते त्यांनी मला शिकवले, आणि ते मी तुम्हालाही सांगतो, कारण प्रवासात उपयोगी पडेल. ताज्या चहाचा रंग तांबूस असतो. राहिलेला चहा मळकट तपकिरी होतो, पावसात गढुळलेल्या नदीसारखा. त्यावर साय धरते. ढवळून मोडली तरी तिचे तुकडे कपाच्या कडेला चिकटतात. भांड्याच्या आतल्या अंगाला चहाच्या पातळीपाशी गडद कडे उमटते, आणि एकाखाली एक अशी दोनतीन कडी दिसली तर तो चहा तितक्या वेळा थोडा थोडा विकून पुन्हा तापवला आहे असे समजावे. पुन्हा तापवताना दूध तळाला लागते, त्याचा करपट वास येतो, आणि तो झाकायला काही जण वरून वेलची आणि आले घालतात. नेहमीपेक्षा जास्त मसालेदार चहा मध्यरात्री मिळाला तर माणसाने खूश होण्याआधी जरा थांबावे. काही जण तर उरलेल्यात पाणी आणि चिमूटभर नवी पावडर घालतात, म्हणजे रंग परत येतो. रंग आला, वाफ आली, गिऱ्हाईक खूश. गाडी तर दोनच मिनिटे थांबते. तोंड वाकडे होईपर्यंत माणगाव येते. परत येऊन भांडणार कोण?

"मग तुम्ही का नाही तसे करत?" मी विचारले. माझा राग अजून गेला नव्हता.

मामांनी उत्तर दिले नाही. डबा उचलला, फलाटाच्या टोकाशी गेले आणि पंचवीस-सव्वीस कप चहा कुंपणापलीकडच्या गवतात ओतून दिला. अंधारात वाफेचा एक मोठा ढग उठला आणि विरून गेला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. आकड्यांची सवय जात नाही. दूध, साखर, पावडर आणि आले मिळून कपामागे अडीच रुपयांचा माल. म्हणजे पासष्ट रुपये गवतात गेले. पस्तीस कप विकून मालकाचे पैसे, गॅस आणि कागदी कप वजा जाता त्यांना चाळीसच्या आसपास सुटत असणार. दीड रात्रीची कमाई त्या माणसाने ओतून टाकली होती, आणि तीही ज्या गिऱ्हाइकांना फरक कळला नसता त्यांच्यासाठी. माझ्यासाठी, उदाहरणार्थ. मी तो चहा पैसे देऊन प्यायलो असतो आणि वर बरे वाटले म्हटले असते.

ते परत आले आणि डबा विसळू लागले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "गिऱ्हाइकाला न्हाय कळत. मला कळतं की."

एवढेच. यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत. नवे पाणी ठेवले, आले ठेचले. सकाळच्या गाडीसाठी राखलेले लिटरभर दूध पिशवीतून काढून जवळ ठेवले आणि पुन्हा स्वस्थ बसले, पावडर न घालता.

तीनच्या सुमारास उत्तरेकडून आवाज आला. गाडी आमची नव्हती. ती होती ट्रक वाहून नेणारी गाडी, जी 1999 पासून कोलाडहून गोव्याकडे जाते. सपाट वाघिणींवर एकामागून एक भरलेले ट्रक उभे, त्यांची तोंडे पुढे, आणि केबिनमध्ये चालक झोपलेले. घाट चढायचा नाही, चाक हातात धरायचे नाही; ट्रकवाल्याला झोपल्या झोपल्या प्रवास घडवणारी अशी ती गाडी. न थांबता ती आमच्यासमोरून गेली. शेवटच्या वाघिणीचा तांबडा दिवा वळणावर दिसेनासा झाला, तसे मामांनी बोटे मोजली.

"आपली गाडी करंजाडीला हुबी आसंल, हिच्यासाठी," ते म्हणाले. "ही तिथं पोचायला पंधरा मिंटं. मग आपली सुटनार. आनि पंधरा."

वीस मिनिटे झाल्यावर त्यांनी पावडर घातली. घोषणेची वाट पाहिली नाही. पहिल्या खेपेला घोषणेवर विश्वास ठेवून ते फसले होते. या खेपेला तांबड्या दिव्यावर ठेवला. दूध गेले, दोन उकळ्या झाल्या, गाळणे झाले. आणि डब्याचे झाकण बसते न बसते तोच दक्षिणेकडे रुळांवर उजेड पडला.

दोन मिनिटांत चहा कसा विकतात हे मी त्या रात्री प्रथमच नीट पाहिले. मामा गाडीच्या मागे धावले नाहीत. साधे डबे कुठे येतात हे त्यांना माहीत होते, तिथे ते आधीच जाऊन उभे होते. डाव्या हाताच्या बोटांत कपांची चळत, खिशात सुट्टी नाणी. आधी कप द्यायचा, पैसे नंतर घ्यायचे. पैसे मोजत बसले तर दोन मिनिटांत चार कप जातील. खिडकीतून हात बाहेर येत होते, कप वर जात होते, नाणी खाली येत होती. एखाद्याचे राहून गेले तर राहिले. त्या धावपळीत माझ्याकडे वळून त्यांनी दारातच माझ्या हातात कप दिला.

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कप. खिशात हात घालायला तिसरा हात नव्हता. गाडी हलली.

"मामा, पैसे!"

"ऱ्हाऊ द्या. दिवाळीनंतर!"

दाराशी उभा राहून मी तो चहा प्यायलो. चांगला होता. आल्याने घसा शेकून निघाला आणि मागे कुठेही तुरटपणा राहिला नाही. आतापर्यंत मी चहाला फक्त ऊन म्हणत होतो. त्या रात्री तो ताजा आहे हे कळले. कप संपेपर्यंत मी बाहेरच्या अंधाराकडे पाहत होतो, आणि मला काही दिसत असेल तर ती वरची थाळी.

अर्ध्या टक्क्याच्या वर एकदशांश टक्का पाणी, यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. मीही संध्याकाळी तसेच म्हटले होते. पण खालच्या थाळ्यांत पाणी किती आहे हे मी पाहिलेच नव्हते. समजा सगळ्या मालात मर्यादेपेक्षा दोन दशांश टक्के जास्त असेल, तर पाचशे किलोंत एक किलो पाणी जास्त गेले. आमची भुकटी पुढच्या कारखान्यात थायोनिल क्लोराइड नावाच्या द्रवात पडणार होती. त्या द्रवाचे आणि पाण्याचे हाडवैर आहे. ते भेटले की सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन घुसमटवणारे वायू निघतात. एका किलो पाण्यातून सुमारे चार हजार लिटर. वायू शोषून घेण्याची सोय तिथे असते हे खरे, पण ती हिशेबातल्या वायूसाठी. माझ्या सहीने जाणारा वायू कोणाच्याच हिशेबात नव्हता. आणि त्या भांड्यापाशी असाच कोणी रात्रपाळीचा माणूस उभा असणार, सोळा तास झालेला.

कागदावर 0.48 होते. त्यातून वाफ छान निघत होती.

माणगावच्या आसपास फोनला रेंज आली. रात्रपाळीवर आमचा एक नवा मुलगा होता, त्याला उठवले. म्हटले, "ट्रक भरू नको. त्या मालावर थांबवल्याची पिवळी चिठ्ठी लाव. मधल्या आणि खालच्या थाळ्यांतून नमुने घे, कोपऱ्यांतूनही घे, आणि सगळे तपास."

तो घाबरून म्हणाला, "सर, पण तुमची सही झाली आहे."

"म्हणूनच सांगतोय," मी म्हटले.

सकाळी ठाण्याला उतरेपर्यंत त्याचा निरोप आला. खालच्या थाळीचा नमुना 0.74 होता. माल पुन्हा सुकत घातला. आठ तास लागले आणि ट्रक संध्याकाळी निघाला. वरिष्ठांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे करंज्या तळण्याचा वास दरवळत होता. ते जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. मी ऐकून घेतले. नोकरी गेली नाही, बढतीही मिळाली नाही. पुढे कधी तरी त्यांनीच नमुने तीन थाळ्यांतून घ्यायचा नियम केला, आणि तो कोणामुळे केला हे त्यांना माहीत नाही. मामांनाही माहीत नव्हते.

दिवाळी उरकून मी परत आलो तो रात्रीच्या गाडीने. पहाटेआधी वीरला उतरलो. पिशवीत आईने दिलेला चिवडा आणि चकल्या होत्या, आणि खिशात शंभराची नोट तयार ठेवली होती. मी मामांपुढे दोन्ही ठेवले. म्हटले, "त्या रात्रीचे."

त्यांनी फराळ घेतला, डोळ्यांना लावला. नोट मात्र उलटसुलट करून पाहिली.

"येकच कप घेतलाता तुमी."

"मामा, त्या रात्री तुमचा चहा फुकट गेला. त्याचे धरा."

"फेकलेल्याचं पैसं कसं घेऊ?" ते म्हणाले, आणि खिशातली चिल्लर आणि नोटा काढून स्टॉलच्या फळीवर मांडत बसले. पाच रुपये ठेवून घेतले, पंचाण्णव मोजून परत दिले. मग पातेल्याकडे वळले. पाणी उकळत होते, आले पडलेले होते. पावडर अजून घातलेली नव्हती.

पुढे मी महाड सोडले. रोहा ते वीर मार्ग 2021 च्या ऑगस्टमध्ये दुहेरी झाला, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात तरी गाडीला समोरच्या गाडीसाठी ताटकळावे लागत नाही. तांबड्या दिव्यावरून मिनिटे मोजायची विद्या तिथे आता निम्मीच उपयोगी पडत असेल. मी अजूनही रात्रीचा प्रवास करतो आणि फलाटावर चहा घेतो. फक्त कप हातात आला की वाफेकडे पाहत नाही. आधी डब्याच्या आतली कडी मोजतो.